जॉर्जियाच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून तुमचं नाव असेल, तरी इंग्लंडच्या कायद्यात आई कोण?

प्रश्न: आम्ही लीड्सला असतो. नवरा मूळचा नाशिकचा, 2019 मध्ये ब्रिटिश नागरिक झाला. माझा पासपोर्ट भारतीय, इथे कायम राहण्याची परवानगी आहे. आजारपणात माझं गर्भाशय काढावं लागलं, पण त्याआधी आम्ही भ्रूण गोठवून ठेवलेत. जॉर्जियातली एजन्सी म्हणते, जन्मदाखल्यावर थेट तुमची दोघांचीच नावं येतात, सरोगेटचा काही हक्क राहत नाही, दोन-तीन आठवड्यांत बाळ घेऊन परत जाल. ब्रिटिश पासपोर्टला वेळ लागला तर माझ्या नावावर बाळाचा भारतीय पासपोर्ट काढा, असंही म्हणतात. हे खरं आहे का? कायदेशीर आईबाप आम्हीच ना?

उत्तर:

एजन्सीने जॉर्जियाबद्दल जे सांगितलं ते बरोबर आहे. तिथल्या 1997 च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार सरोगेटला आई म्हणून दावा करता येत नाही आणि बाळाचे पालक म्हणून सरळ तुम्हा दोघांची नोंद होते. पण तुम्हाला बाळ तिबिलिसीत वाढवायचं नाही, लीड्समध्ये वाढवायचं आहे. इथे पालक कोण हे जॉर्जियाच्या दाखल्यावरून ठरत नाही, इंग्लंडच्या कायद्यावरून ठरतं, आणि तो कायदा फार वेगळे प्रश्न विचारतो: बाळाला जन्म कुणी दिला, आणि त्या बाईला त्या वेळी नवरा होता का?

मी इथे कुटुंबकायद्याचं काम करते आणि परदेशातल्या सरोगसीची प्रकरणं माझ्याकडे नेहमी येतात. त्यातली निम्मी बाळ जन्मल्यावर येतात. तेव्हा करता येण्यासारखं बरंच हातातून गेलेलं असतं. तुम्ही भ्रूण आरोपणाच्या आधी विचारताय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

ब्रिटनचा 2008 चा मानवी प्रजनन आणि भ्रूणविज्ञान कायदा म्हणतो की जी स्त्री गर्भ वाढवते तीच बाळाची आई, दुसरी कुणीही नाही. बीजांड कुणाचं होतं याने काही फरक पडत नाही. आरोपण ब्रिटनमध्ये झालं की जगात इतर कुठे, यानेही नाही. तसं कलमातच लिहिलेलं आहे. म्हणजे भ्रूण तुमच्या बीजांडाचं असलं तरी बाळ जन्मल्या क्षणी इंग्लंडच्या कायद्यात त्याची आई सरोगेट असेल. पुढचं कलम वडिलांबद्दल आहे. सरोगेट विवाहित असेल तर तिचा नवरा बाळाचा बाप मानला जातो. त्याची आरोपणाला संमती नव्हती असं सिद्ध झालं तरच तो सुटतो. तुमच्या नवऱ्याचा डीएनए जुळत असला तरी हे चित्र बदलत नाही.

आता दोन कायदे शेजारी ठेवून पाहा. जॉर्जिया म्हणतं, सरोगेट आणि तिचा नवरा यांचा बाळाशी संबंध नाही, पालक हे लीड्सचं जोडपं. इंग्लंड म्हणतं, लीड्सच्या जोडप्याचा संबंध नाही, पालक सरोगेट आणि तिचा नवरा. दोन्ही देश बाळ एकमेकांच्या दारात ठेवतात. ही कल्पनेतली गोष्ट नाही. 2008 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे नेमकं हेच आलं. ब्रिटिश जोडपं, युक्रेनची विवाहित सरोगेट, नवऱ्याचे शुक्राणू आणि दात्याचं बीजांड, आणि जुळी मुलं. युक्रेनच्या कायद्यात सरोगेटवर मुलांची कोणतीही जबाबदारी नव्हती, आणि ब्रिटनच्या कायद्यात या जोडप्याला पालक म्हणून स्थान नव्हतं. त्या मुलांना आईबापही नव्हते आणि देशही नव्हता, आणि जोडप्याला ना युक्रेनमध्ये राहता येत होतं ना मुलांना घरी आणता येत होतं. डीएनए चाचणी झाल्यावर इमिग्रेशनच्या नियमांबाहेरची खास परवानगी देऊन मुलांना आत घेतलं, आणि मग न्यायालयाने पालकत्वाचा आदेश दिला. त्या निकालात न्यायाधीशांनी इतर जोडप्यांना सावध करण्यासाठी ही अडचण मुद्दाम सविस्तर मांडली आहे. कायद्याचा तो सांगाडा आजही तसाच आहे.

यावरून तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघते. तुमच्या बाळाचं नागरिकत्व बऱ्याच अंशी सरोगेटच्या लग्नावर अवलंबून आहे.

तुमचा नवरा नागरिकत्व घेऊन ब्रिटिश झाला आहे, म्हणजे परदेशात जन्मलेल्या पहिल्या पिढीला तो ते देऊ शकतो. पण त्यासाठी नागरिकत्वाच्या कायद्यात तो बाळाचा 'वडील' ठरायला हवा. सरोगेट अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा असेल आणि शुक्राणू तुमच्या नवऱ्याचे असतील, तर तो वडील ठरतो आणि बाळ जन्मतःच ब्रिटिश असतं. कुणाची मर्जी लागत नाही, फक्त पुरावे द्यावे लागतात. सरोगेट विवाहित असेल तर वडील तिचा नवरा, आणि बाळ जन्मतः ब्रिटिश नाही. मग गृहखात्याकडे अल्पवयीन मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अर्ज करावा लागतो. ती सहसा मिळते, पण तो हक्क नाही, अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे, आणि तोवर बाळ तिबिलिसीत अडकून राहतं. जॉर्जियात नुसतं जन्मल्याने अमेरिकेसारखं नागरिकत्व मिळत नाही, त्यामुळे हातात दुसरा पासपोर्टही नसतो.

(उलट परिस्थिती असती, म्हणजे तुम्ही ब्रिटिश आणि नवरा भारतीय पासपोर्टवर, तर सरोगेट अविवाहित असूनही काही उपयोग झाला नसता, कारण जन्माच्या वेळी तुम्ही कायद्याने आईच नसता. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची तशी स्थिती असेल तर माझं उत्तर जसंच्या तसं उचलू नका.)

म्हणून एजन्सीला पहिलं पत्र लिहाल त्यात हे मागा: सरोगेटची वैवाहिक स्थिती दाखवणारा सरकारी दाखला, आणि ती घटस्फोटित असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश, तारखेसह. 'ती एकटीच राहते' हे पुरेसं नाही. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. त्यांना एजन्सीने सरोगेट 'सिंगल' आहे असं कळवलं होतं. पासपोर्टच्या अर्जासाठी कागद मागवले तेव्हा कळलं की ती नवऱ्यापासून वेगळी राहते एवढंच, घटस्फोट झालेलाच नाही. नवरा तिसऱ्याच देशात कामाला. कायद्याने तोच बाळाचा बाप. बाळ ब्रिटिश आहे असं धरून केलेला पासपोर्टचा अर्ज मागे घ्यावा लागला, नोंदणीचा नवा अर्ज करावा लागला, आणि पालकत्वाच्या आदेशासाठी त्या न पाहिलेल्या माणसाची संमतीही शोधत बसावं लागलं. एक कागद आधी पाहिला असता तर हे टळलं असतं. आणखी एक: जॉर्जियात सरोगेट म्हणून येणाऱ्या बऱ्याच बायका मध्य आशियातल्या असतात. तशी असेल तर दाखला जॉर्जियाचा नको, तिच्या स्वतःच्या देशाचा हवा.

आता 'दोन-तीन आठवड्यांत' याबद्दल. बाळ जन्मतः ब्रिटिश असलं तरी त्याचा पहिला पासपोर्ट परदेशातून काढायचा आहे आणि अर्जात सरोगसी लपवायची नाही. पासपोर्ट कार्यालय सरोगसीचा करार, सरोगेटची ओळख आणि वैवाहिक स्थिती, रुग्णालयाची कागदपत्रं, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि बहुतेक वेळा डीएनए अहवाल पाहतं. हे काम आठवड्यांचं नाही, महिन्यांचं आहे. इथे तुमच्या दोघांच्या पासपोर्टमधला फरक आडवा येतो. ब्रिटिश पासपोर्टवर जॉर्जियात व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं. भारतीय पासपोर्टवर तसं नाही. ब्रिटनचा वैध निवासी परवाना असल्यामुळे तुम्हाला व्हिसाशिवाय जाता येतं, पण 180 दिवसांत 90 दिवसच. तुम्ही प्रसूतीच्या तीन आठवडे आधी पोचलात तर जन्मानंतर तुमच्याकडे दहा आठवड्यांच्या आत दिवस उरतात, आणि पासपोर्ट तेवढ्यात येईलच असं नाही. म्हणून नवऱ्याने दीर्घ रजेची तयारी आधीच करावी, आणि तुम्ही तुमचे दिवस जपून वापरावेत. आरोपणाच्या वेळी हौसेने जाऊन आलात तर तेवढे दिवस कुठे मोजले जातात हेही पाहा. हे नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी पुन्हा बघा.

जॉर्जियाचंच सांगायचं तर 2023 मध्ये तिथल्या सरकारने 2024 च्या सुरुवातीपासून परदेशी जोडप्यांना सरोगसी बंद करणार असं जाहीर केलं होतं. त्या तारखेला ती बंदी अमलात आली नाही, पण विचार सोडून दिला असं समजू नका. 2015 मध्ये थायलंड आणि नेपाळ, त्याच वर्षाच्या शेवटी भारत, 2016 मध्ये कंबोडिया, यांनी परदेशी जोडप्यांची दारं बंद केली तेव्हा गर्भारपणं चालू होती. करार करताना तिथल्या स्वतंत्र वकिलाकडून, एजन्सीच्या वकिलाकडून नव्हे, 'मधेच कायदा बदलला तर सुरू झालेल्या गर्भारपणाचं काय' हे लेखी घ्या.

समजा सगळं सुरळीत झालं, सरोगेट खरोखर घटस्फोटित निघाली, बाळाला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला आणि तुम्ही घरी आलात. बहुतेक जोडपी इथेच थांबतात. पासपोर्ट आला, आता कशाला कोर्ट? पण पासपोर्टमुळे तुमचा नवरा वडील आहे एवढंच मान्य झालं. आई अजूनही सरोगेटच. उद्या तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर बाळ तुमचं कायदेशीर वारस नसेल. नवऱ्याला काही झालं किंवा तुम्ही वेगळे झालात, तर बाळाशी तुमचं नातं कोर्टात सिद्ध करत बसावं लागेल. वर आलेला पालकत्वाचा आदेश, इथे 'पॅरेंटल ऑर्डर' म्हणतात तो, यासाठी असतो. त्या आदेशाने सरोगेटचं मातृत्व कायमचं संपतं, तुम्ही दोघं पालक होता, आणि इथल्या नोंदवहीत बाळाची नवी नोंद होते.

आदेशाच्या अटी बऱ्याच आहेत. तुम्ही विवाहित आहात आणि भ्रूण तुमचेच आहेत, त्यामुळे त्यातल्या काही आपोआप भागतात. मला काळजी वाटते ती तीन ठिकाणी.

पहिली, सरोगेटची संमती. तिने सगळं समजून, मोकळेपणाने, विनाअट संमती द्यायला हवी, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत दिलेली संमती कायद्याने धरलीच जात नाही. एजन्सी काय करते, तर बाळ जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णालयातच नोटरी बोलावून सह्या घेते. जॉर्जियाला त्या चालतात, इथे त्यांचा उपयोग शून्य. आणि सहा आठवडे पुरे होईपर्यंत सरोगेट आपल्या गावी, कधी दुसऱ्या देशात गेलेली असते, फोन नंबर बदललेला असतो. भारतात जन्मलेल्या जुळ्यांच्या 2012 च्या एका प्रकरणात असंच झालं. प्रसूतीनंतर सरोगेटचा पत्ताच लागला नाही. न्यायालयाने शेवटी तिच्या संमतीशिवाय आदेश दिला, पण तो जोडप्याने तिला शोधण्याचे सगळे वाजवी प्रयत्न केले होते हे दाखवल्यानंतर. 'एजन्सी सहकार्य करत नाही' एवढं सांगून भागत नाही.

म्हणून करारातच लिहून घ्या की सहा आठवड्यांनंतर सरोगेट नोटरीपुढे इंग्लंडच्या न्यायालयाचा संमतीचा ए 101 ए नावाचा अर्ज सही करेल. त्याचं तिच्या भाषेतलं भाषांतर सोबत असेल, आणि जायचा-यायचा खर्च तुम्ही द्याल. तिचा कायमचा पत्ता, एका नातेवाईकाचा संपर्क आणि ओळखपत्राची प्रत थेट तुमच्याकडे ठेवा, एजन्सीच्या फायलीत नव्हे. शक्य असेल तर गर्भारपणात दुभाष्यामार्फत तिच्याशी महिन्यातून एकदा तरी बोला. मला यात फक्त कागद दिसत नाही. जी बाई तुमचं बाळ नऊ महिने वाढवते तिला आपण कशावर सही करतोय हे तिच्या भाषेत कळलं पाहिजे, आणि न्यायालयही नेमकं तेच शोधतं.

तारखांचा हिशेब असा मांडा. बाळ 10 मार्चला जन्मलं असं धरू. 21 एप्रिलला सहा आठवडे पुरे होतात. संमती त्यानंतरच्या तारखेची घ्या, दोन-चार दिवस पुढची घेतली तर वाद उरत नाही. आदेशाचा अर्ज, इथे त्याला सी 51 म्हणतात, जन्मापासून सहा महिन्यांत करायचा, म्हणजे 9 सप्टेंबरपर्यंत कोर्टात पोचला पाहिजे. संमती हातात नसली तरी अर्ज दाखल करता येतो, ती नंतर जोडता येते. त्यामुळे अर्ज संमतीसाठी अडवून ठेवू नका. मुदत चुकली तर? भारतात जन्मलेल्या एका मुलाचा अर्ज 2014 मध्ये दोन वर्षांहून जास्त उशिरा आला होता, तरी कौटुंबिक न्यायालयाच्या अध्यक्षांनी तो ऐकला. एका दिवसाच्या उशिरासाठी मुलाचं नातं कायमचं तोडावं असा संसदेचा हेतू असू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून उशिराचे अर्ज चालतात. पण दार उघडं आहे म्हणून उशीर करू नका. मधल्या काळात तुम्ही आई नसता.

दुसरी, डोमिसाइल. इथे भारतीय जोडपी फार अडखळतात. तहसीलदाराकडून मिळणारा दाखला डोक्यातून काढून टाका, हे वेगळं आहे. अर्जदारांपैकी निदान एकाचं डोमिसाइल ब्रिटनमध्ये हवं, आणि त्याचा नागरिकत्वाशी थेट संबंध नाही. माणूस जन्मतः वडिलांचं डोमिसाइल घेऊन येतो. तुमच्या नवऱ्याचं ते भारतातलं. ते बदलायला दोन गोष्टी लागतात: इथे प्रत्यक्ष राहणं, आणि इथेच कायम किंवा अनिश्चित काळ राहण्याचा इरादा. कामाच्या व्हिसावर आलेलं, चार-पाच वर्षांत पुण्याला परत जायचं ठरवलेलं जोडपं इथे अडकतं. 2007 मध्ये तुर्कस्तानच्या एका जोडप्याचं बाळ तर खुद्द इंग्लंडमध्ये जन्मलं होतं, तरी त्यांचं डोमिसाइल इथलं नव्हतं म्हणून पालकत्वाचा आदेश मिळू शकला नाही.

तुमच्या नवऱ्याचं बहुधा जमेल. त्याने नागरिकत्व घेतलंय, तुम्हाला कायम परवाना आहे. पण त्याला निवेदन लिहावं लागेल आणि ते खरं असायला हवं. 'निवृत्त झालो की नाशिकला जाऊन राहायचं' असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. 'कधीतरी वाटलं तर जाऊ' एवढंच असेल तर डोमिसाइल बिघडत नाही. पण गंगापूर रोडवर फ्लॅट घेतलाय, साठाव्या वर्षी परत जायचं ठरलंय, इथलं घर तेव्हा विकायचंय, असं असेल तर तो ठरलेला इरादा झाला आणि प्रश्न उभा राहतो. लपवायचं तर मुळीच नाही. वकिलाशी आधी बोला आणि घर, नोकरी, पेन्शन, इथली नाती असे इरादा दाखवणारे कागद जमवा. नवऱ्याचं जमत नसेल तर तुमचं डोमिसाइल दाखवता येतं का तेही पाहता येईल, कारण एकाचं पुरतं आणि भारतीय पासपोर्ट असल्याने ते अडत नाही.

तिसरी गोष्ट पैसे. वाजवी खर्चापलीकडे सरोगेटला किंवा इतरांना काही दिलं असेल तर न्यायालयाने त्याला मान्यता द्यावी लागते. जॉर्जियातल्या व्यवस्थेत मोबदला असतोच, त्यामुळे हा मुद्दा येणारच. वर सांगितलेल्या युक्रेनच्या प्रकरणात सरोगेटला दर महिन्याला 235 युरो आणि जन्मानंतर 25,000 युरो दिले होते, आणि न्यायालयाने ते मान्य केले. मुलाचं हित सर्वांत वरचं असं आता कायद्यातच आहे, त्यामुळे फक्त मोबदल्यापायी आदेश अडलेला मी पाहिलेला नाही. न्यायाधीशांना हिशेब मात्र लागतो: कुणाला, किती, कशासाठी, कधी. रोख देऊ नका, आणि एजन्सीला दिलेल्या रकमेतलं सरोगेटच्या हातात किती पडलं याची लेखी विभागणी मागा. ती द्यायला एजन्सी कां कूं करत असेल तर त्या एजन्सीबद्दल मी पुन्हा विचार करेन. एवढं सांगून टाकते की परदेशात जाऊन सरोगसी करणं हा तुमच्यासाठी ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. 1985 च्या कायद्याने इथे गुन्हा ठरतो तो पैसे घेऊन मध्यस्थी करणं. त्यामुळेच तुमचा करार कुणी इथली सॉलिसिटर फी घेऊन घासाघीस करून देणार नाही; ती सल्ला देईल आणि कोर्टाचं काम करेल.

आता भारतीय पासपोर्टची सूचना. ही मला एजन्सीच्या सगळ्या सल्ल्यांत धोक्याची वाटते. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 प्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाचा आई किंवा वडील भारतीय नागरिक असेल तर वर्षाच्या आत दूतावासात जन्माची नोंद करून ते मूल भारतीय होऊ शकतं. पण नोंदणीच्या वेळी पालकांना लेखी सांगावं लागतं की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. तुमचा सगळा बेत तर ब्रिटिश पासपोर्ट मिळवण्याचा आहे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. शिवाय त्या कायद्यात सरोगसीबद्दल काहीच लिहिलेलं नाही. सरोगसीच्या मुलाला जोडप्याचं जैविक मूल मानणारी तरतूद 2021 च्या सरोगसी कायद्यात आहे, पण तो कायदा भारतात, त्याच्या अटींत बसून झालेल्या सरोगसीसाठी लिहिलेला आहे. जॉर्जियातल्या मोबदल्याच्या करारातून जन्मलेल्या बाळाला दूतावास तो लावेल असं धरून बाळाचा प्रवास आखता येत नाही. एजन्सी कधी सुचवते की सरोगसीचा उल्लेखच करू नका, दाखल्यावर तुमचं नाव आहेच. सरकारी अर्जावर तुम्हीच बाळाला जन्म दिला असं सुचवणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि त्याचा त्रास पुढे बाळाच्या नागरिकत्वाला होईल. एवढं करून हाती काय? भारतीय पासपोर्टवरच्या बाळाला लीड्सला यायला ब्रिटनचा व्हिसा लागणारच.

भारताशी बाळाचं नातं जोडायचा सरळ मार्ग ओसीआय हा आहे. पण त्याचा अर्ज पालकत्वाचा आदेश आल्यावर करा. तेव्हा तुमच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट आणि आई-वडील म्हणून तुम्हा दोघांची नावं असलेला इंग्लंडचा दाखला असेल. अर्जात कुणाचं नाव कुठे लिहायचं हा प्रश्नच उरणार नाही. घाईने जॉर्जियाच्या दाखल्यावर ओसीआय काढून नंतर इंग्लंडचा वेगळा दाखला आला, की दोन सरकारांकडे दोन वेगळ्या नोंदी राहतात. त्या जुळवायला लागणारी पत्रापत्री मी पाहिली आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: भ्रूण कुठे गोठवलेले आहेत? लीड्सच्या परवानाधारक क्लिनिकमध्ये असतील तर परदेशी पाठवण्याचे नियम क्लिनिकच तुम्हाला सांगेल, पण जिथे पाठवणार तिथली कागदपत्रं त्यांना आधी लागतात. भारतात असतील, उदाहरणार्थ उपचार पुण्यात किंवा मुंबईत झाले असतील, तर 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याप्रमाणे स्वतःचे भ्रूणसुद्धा स्वतःच्या वापरासाठी देशाबाहेर न्यायला राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. कुरिअर कंपनी 'आम्ही बघून घेतो' म्हणाली तरी परवानगी तुमच्या नावाने हवी. भ्रूण भारतातच असतील तर आणखी एक रस्ता पाहण्यासारखा आहे. भारतीय वंशाच्या जोडप्यांना मंडळाच्या शिफारशीने भारतात सरोगसी करता येते. तिथे मोबदला चालत नाही, वयाच्या आणि वैद्यकीय अटी कडक आहेत, आणि सरोगेट शोधणं हीच मोठी अडचण. इंग्लंडच्या कायद्याची वर सांगितलेली सगळी कामं मात्र तिथेही तशीच राहतील, कारण आई इथे जन्म देणारीच. आणि भारतातल्या कायद्याप्रमाणे सरोगेट विवाहित किंवा पूर्वी विवाहित असावी लागते, म्हणजे तिला नवरा असण्याची शक्यता जास्त. तसं असलं तर बाळ जन्मतः ब्रिटिश नसेल, नोंदणीचा लांबचा रस्ता धरावा लागेल.

शेवटी, करार सही करण्याआधी दोघांनी मृत्युपत्रं करा. त्यात बाळाचा उल्लेख 'आमचं मूल' असा मोघम नको, 'अमुक करारातून जन्माला येणारं मूल' असा करा. आदेश मिळेपर्यंतच्या महिन्यांत तुम्हाला काही झालं तर बाळाला तुमच्याकडून मिळणारं सगळं त्या एका कागदावर अवलंबून असेल. भ्रूण कुठे आहेत आणि एजन्सीने दाखवलेल्या सरोगेटचा देश कोणता, एवढं कळवलंत तर कोणते कागद कुठून मागायचे ते पुढच्या उत्तरात लिहीन.